१ केबीची फाइल आणि पतसंस्थेची वार्षिक सभा

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे आमच्यासारख्या स्लाइड्स करून देणाऱ्यांना जेवायला फुरसत नसते. त्यातल्याच एका पतसंस्थेच्या सभेतली गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. सभा पार पडली, कुणाला काही कळलंही नाही. तरी त्या दिवशी पडद्यावर कोणता आकडा यायला हवा होता, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

अशा सभेच्या स्लाइड्स एकटा माणूस करत नाही. आमच्या गुगल स्लाइड्सच्या फाइलवर चार जण होते: मी, संस्थेचे मॅनेजरसाहेब, हिशेब पाहणाऱ्या ताई आणि फोटो लावणारा संस्थेतला एक तरुण लिपिक. चौघांनाही एडिटरचे हक्क दिलेले. ठेवी, कर्जे आणि निव्वळ नफा यांचे आलेख मी ताईंच्या गुगल शीटमधून जोडलेले होते. शीटमधला आकडा बदलला की स्लाइडवरच्या आलेखाच्या कोपऱ्यात `Update` असं बटण येतं आणि ते दाबलं की नवा आलेख बसतो. आपोआप बसत नाही, कुणीतरी दाबावं लागतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सभा होती मंगल कार्यालयात. पत्र्याचं छत, पाच-सहाशे सभासद, आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच टॉवरवर. अशा जागी इंटरनेट मिळेल असं गृहीत धरणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवणं. कार्यालयाचा वायफाय सभेच्या आधीच बसला. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला गेला, पण स्लाइड्स अर्ध्या उघडून थांबल्या.

"अहो, घाबरताय कशाला, पेनड्राइव्हमध्ये आहे की सगळं!" लिपिक म्हणाला आणि त्याने पेनड्राइव्ह संस्थेच्या लॅपटॉपला लावला. फाइल होती, नावही बरोबर होतं. क्लिक केल्यावर ब्राउझर उघडला आणि इंटरनेट नसल्याचा निरोप आला.

त्याने संस्थेच्या संगणकावरच्या गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली होती. तिच्या नावाच्या शेवटी `.gslides` होतं आणि आकार १ केबी. त्या फाइलमध्ये स्लाइड नसतेच, मूळ फाइल इंटरनेटवर कुठे आहे एवढा पत्ताच असतो. चाळीस स्लाइड्स, त्यात संचालकांचे फोटो, आणि आकार १ केबी, हे पाहिल्यावर शंका यायलाच हवी. पण एक्सप्लोररमध्ये आकाराच्या रकान्याकडे कुणी बघत नाही, आणि विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग बहुतेक वेळा लपवूनच ठेवतं. ही चूक मी इतक्या संस्थांमध्ये पाहिली आहे की लिपिकाला दोष देववत नाही. दोष संस्थेच्या कारभाराचा आहे. महागडा प्रोजेक्टर घेतात, पण फाइल कशी उतरवायची हे शिकवायला कुणाला पाच मिनिटं मिळत नाहीत.

माझ्या पेनड्राइव्हवर आदल्या रात्री दहाला उतरवलेली प्रत होती. खरी प्रत `File` मध्ये जाऊन `Download` मधून पीपीटीएक्स निवडल्यावरच मिळते. फाइल लोकांनी उघडून ठेवली असेल आणि मेनू शोधायला वेळ नसेल, तर पत्त्यातलं `/edit` आणि त्यापुढचं सगळं काढून तिथे हे टाकलं तरी प्रत थेट उतरते:

```
/export/pptx
```

`pptx` च्या जागी `pdf` लिहिलं की पीडीएफ येते. मी दोन्ही घेतो. पीडीएफमध्ये अक्षरं हलत नाहीत, कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसतात. पण ॲनिमेशन जातं, आणि एकावर एक फोटो ठेवून क्लिकने बदलत नेलेली स्लाइड असेल, तर पीडीएफमध्ये सगळे फोटो एकमेकांवर चिकटून येतात. म्हणून आधी पीपीटीएक्स, आणि ती फसली तर पीडीएफ.

पण पीपीटीएक्स उतरवली की काम झालं, असंही नाही. संस्थेच्या लॅपटॉपवर ती उघडली तेव्हा संचालक मंडळाच्या तक्त्यातली शेवटची ओळ पडद्याच्या खाली गेली. कारण फॉन्ट. आम्ही मुक्ता वापरला होता. ब्राउझरमध्ये तो गुगलकडून येतो, पण उतरवलेल्या पीपीटीएक्समध्ये तो प्रत्येक यंत्रावर लागेलच असं नाही. त्या लॅपटॉपवर मुक्ता नव्हता, म्हणून पॉवरपॉइंटने विंडोजमधला दुसरा देवनागरी फॉन्ट घेतला. त्याची ओळ उंच निघाली आणि दहा ओळींचा तक्ता खाली सरकला. मराठी स्लाइड्समध्ये हे इंग्रजीपेक्षा जास्त होतं, कारण वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांच्यासाठी प्रत्येक फॉन्ट वेगवेगळी जागा सोडतो.

यावर उपाय सोपा आहे. पेनड्राइव्हवर फॉन्टच्या टीटीएफ फाइली वेगळ्या ठेवायच्या, सभेच्या यंत्रावर आधी त्या इन्स्टॉल करायच्या आणि पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडायचा. मात्र एक बारीक गोष्ट लोक हमखास विसरतात. स्लाइड्समध्ये मुक्ताचा साधा आणि ठळक प्रकार वापरला असेल, तर त्या दोन फाइली पुरतात. पण कुणी मथळ्याला `Mukta Medium` निवडलेला असेल, तर पॉवरपॉइंट त्याला वेगळा फॉन्ट समजतो आणि त्याची फाइलही वेगळी लागते. आमच्या फाइलमध्ये तसे तीन मथळे होते. फोटो लावताना लिपिकाने ते केले होते, आणि चार जण एका फाइलवर असले की अशा गोष्टी कुणाच्या लक्षात येत नाहीत. फॉन्ट बसवल्यावर तक्ता जागेवर आला.

शाखेच्या नव्या इमारतीची दोन मिनिटांची चित्रफीत होती, तिचंही तसंच. गुगल ड्राइव्हवरून स्लाइडमध्ये घातलेला व्हिडिओ उतरवलेल्या पीपीटीएक्समध्ये चालत नाही, तिथे फक्त चित्र उरतं. तो एमपी४ मी आदल्या रात्रीच वेगळा उतरवून पॉवरपॉइंटमध्ये `Insert` मधून घातला होता. फाइल जड झाली, पण व्हिडिओ तिच्या आतच राहिला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. सभा सुरू व्हायला पाच-सात मिनिटं असताना ताई मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, नफ्याचा आलेख नवा आहे ना? सकाळी बदललाय मी."

सकाळी लेखापरीक्षकांच्या कार्यालयातून फोन आला होता की संशयित कर्जावरची तरतूद थोडी वाढवावी लागेल. ताईंनी शीटमधला आकडा बदलला आणि निव्वळ नफा ४२.६ लाखांवरून ४०.१ लाखांवर आला. लिपिकाला आलेखावर `Update` दिसलं, म्हणून त्याने ते दाबलं. माझी प्रत आदल्या रात्रीची, त्यामुळे तिच्यात ४२.६ होते.

पीपीटीएक्समध्ये उतरल्यावर शीटमधून आलेला आलेख पॉवरपॉइंटचा आलेख राहत नाही, चित्र होतं. त्यातला आकडा सुधारता येत नाही. चित्रावर पांढरी पट्टी ठेवून नवा आकडा लिहिता आला असता, पण खांबाची उंची जुनीच राहिली असती, आणि पतसंस्थेच्या सभेत असं काही करायला माझा हात धजत नाही.

मी मॅनेजरसाहेबांना गाठलं. त्यांनी हातातला छापील अहवाल उघडला. त्यात ४२.६ लाख होते, आणि हा अहवाल सभेच्या आधीच सभासदांच्या घरी गेला होता. पहिल्या रांगेत बसलेल्या बऱ्याच जणांच्या मांडीवर तो उघडाही होता. म्हणजे पडद्यावर ताजा आकडा आला असता, तर तो सभासदांच्या हातातल्या कागदाशी जुळला नसता, आणि असं का, हे नीट सांगू शकणाऱ्या फक्त ताई होत्या. त्या तर व्यासपीठावर बसणारच नव्हत्या.

साहेबांनी ती स्लाइड लपवायला सांगितली. पॉवरपॉइंटमध्ये डावीकडच्या छोट्या स्लाइडवर उजवं बटण दाबून `Hide Slide` निवडलं की ती पटलावर येत नाही आणि फाइलमधून जातही नाही. नफ्याचा विषय त्यांनी अहवालातून वाचला आणि तरतुदीबद्दलचा खुलासा तोंडी दिला. तो टिपून ठेवा, असं सचिवांना त्यांनी आधीच सांगितलं होतं.

घरी येऊन इंटरनेट मिळाल्यावर मी `Ctrl+Alt+Shift+H` दाबून स्लाइड्सचा जुन्या आवृत्त्यांचा इतिहास पाहिला. सकाळी ९.५२ ला लिपिकाच्या नावाने आलेख बदललेला होता. शीटमध्ये त्या चौकटीवर उजवं बटण दाबून `Show edit history` पाहिलं, तर ९.४४ ला ताईंनी आकडा बदललेला. आठ मिनिटांत एक आकडा शीटमधून स्लाइडवर आला होता, आणि ज्यांना तो सभेपुढे मांडायचा होता त्यांना पत्ता नव्हता. दोघांनीही आपापलं काम बरोबरच केलं होतं. सामायिक फाइलमध्ये कोण काय बदलतंय ते दिसतं, पण बदलण्याआधी विचारायला ती कुणाला भाग पाडत नाही.

आता मी सभेच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी करून घेतो. प्रत उतरवायच्या आधी आवृत्तीला `Name current version` मधून "सभा अंतिम" असं नाव देतो, आणि आलेखावर क्लिक करून कोपऱ्यातल्या जोडणीच्या खुणेतून `Unlink` निवडतो. मग शीटमध्ये काहीही झालं तरी स्लाइडवर `Update` येत नाही. मॅनेजरसाहेबांना हे पटलं. ताईंना नाही पटलं. त्या म्हणाल्या, "उद्या लेखापरीक्षकांनी खरंच चूक दाखवली, तर मी ती कुठे घालू?" त्यांना मी सांगितलंय की नवा आकडा लागला तर मला फोन करा, मी जोडणी पुन्हा घालून नवी प्रत उतरवतो, विमान मोडमध्ये लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघतो, आणि मगच ती पेनड्राइव्हवर जाते. चाळीस स्लाइड्सना एवढं करायला पाऊण तास लागतो. लेखापरीक्षकांचा फोन सभेआधी पाऊण तासापेक्षा कमी वेळ असताना आला तर काय करायचं, हे अजून आमच्यापैकी कुणीच ठरवलेलं नाही.