पळता शेअर आणि कपाटावरचा कागद

गेल्या वर्षी एका स्मॉलकॅपने, म्हणजे छोट्या कंपनीच्या शेअरने, माझे सहा हजार तीनशे रुपये घेतले. शेअर बरेच दिवस ६२ च्या आसपास रेंगाळत होता. एका दुपारी तो २० टक्क्यांचं अप्पर सर्किट मारून, म्हणजे एका दिवसात वाढायची कमाल मर्यादा गाठून, ७४.४० ला बंद झाला. आमच्या टेलिग्राम ग्रुपवर रॉकेटच रॉकेट. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन आला, "घे रे, आजही सर्किट लागतंय." मी ८४ ला ३०० शेअर घेतले. संध्याकाळी भाव ७६. पुढे एक्स्चेंजने प्राइस बँड, म्हणजे दिवसात भाव वर-खाली व्हायची ही मर्यादा, ५ टक्क्यांवर आणला आणि ओळीने तीन लोअर सर्किटं लागली: ७२.२०, ६८.५९, ६५.१६. ठरलेल्या भावाला आपोआप विकणारा स्टॉपलॉस लावलेला होता, पण विकत घेणारंच कोणी नाही, तर तो लागणार कसा? चौथ्या दिवशी ६३ ला सुटलो.

त्यानंतर एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. खरेदीचं बटण दाबायच्या आधी तो वाचायचाच, असं ठरवलं.

पहिला प्रश्न सोपा आहे: बीएसई-एनएसईच्या साइटवर कंपनीची स्वतःची घोषणा आहे का? ऑर्डर, निकाल, काहीतरी. कधीकधी तिथे कंपनीचं उलट उत्तरच सापडतं, की भाव का वाढला याची आम्हाला कल्पना नाही. मग पुढे वाचायची गरजच नाही.

खरं काम करतो तो दुसरा प्रश्न: मी चुकलो हे कुठल्या भावाला कळेल? त्या शेअरमध्ये ती जागा ६४ होती, उसळी जिथून सुरू झाली त्या ६२ च्या जरा वर. ८४ ला घेतला तर प्रत्येक शेअरमागे २० रुपये पणाला. एका सौद्यात मी हजार रुपयांच्या वर गमवायचे नाहीत, म्हणजे फक्त ५० शेअर. हा आकडा कागदावर आला की निम्मी हाव तिथेच उतरते. "पन्नासमध्ये काय मिळणार?" असं मनात आलं, की समजायचं, आपण शेअर नाही, गर्दी विकत घेतोय. शिवाय लोअर सर्किटला हजाराची हद्दही पाळली जात नाही, म्हणून मी पन्नासाचेही पंचवीस करतो.

तिसरा प्रश्न: हाच शेअर काल, उसळीआधी, माझ्या यादीत होता का? नसेल तर आज खरेदी नाही. फार तर जुन्या पातळीजवळ प्राइस अलर्ट लावून ठेवायचा.

मागच्या महिन्यात परीक्षा झाली. १४० चा शेअर १६८ ला सर्किटवर अडकला, घोषणा खरी होती, पण यादीत नव्हता. अलर्ट १४५ ला लावला. तो वाजलाच नाही. शेअर १९० ला गेला. दोन दिवस चहा गोड लागला नाही, खोटं कशाला बोला. वहीत लिहिलं: "१६८ ला सोडला, १९० झाला." कागद अजून दारावर आहे.