डब्याचा महिना आणि खाड्याचा हिशोब

रविवार, रात्र

आज डबा नसतो, म्हणून हिशोबाला बसलो. कोथरूडला बदली होऊन आल्यावर लावलेल्या डब्याचा महिना संपला. काकूंनी पुढच्या महिन्याचं विचारलंय आणि उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. २६ डबे, २६०० रुपये. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, वरण नाहीतर आमटी, भात आणि चिमूटभर कोशिंबीर.

आधी चवीचं. पहिल्या आठवड्यात मी खूश होतो, कारण रोज वेगळी भाजी यायची. फरसबी, तोंडली, दोडका, कोबी. सोलापूरला घरी मी दोडक्याला हात लावत नाही, इथे तो मुकाट्याने खाल्ला. पुढे लक्षात आलं की सुकी भाजी बदलते, पण रस्सा बदलत नाही. सोमवारी मटकी, बुधवारी फ्लॉवर-बटाटा, शुक्रवारी छोले, आणि तिन्हींच्या खाली तोच कांदा-टोमॅटोचा लालसर रस्सा. एकदा फोडी बाजूला काढून नुसता रस्सा चाखला. डोळे मिटून सांगता आलं नसतं कुठला वार आहे ते. वाटण एकदाच मोठं करून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि लागेल तसं काढायचं, यात गैर काही नाही, चाळीस डबे भरणाऱ्या बाईला दुसरा मार्गही नाही. पण ज्या दिवशी काकू गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून तुरीची आमटी करतात त्या दिवशी डबा वेगळाच असतो. (आमटीत गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीत पुन्हा साखर. पुण्याचं हे काही मला झेपत नाही. शेंगाचटणीची बरणी टेबलावर ठेवलीय.) त्यामुळे भाज्यांची नावं मोजून उपयोग नाही. आठवड्यातून किती वेळा मसाला बदलला, ते बघावं. माझ्या डब्यात तो दोनदा बदलतो, कधी तीनदा.

पोटभर होतं का? होतं, पण भातामुळे. तीन पोळ्या मी एकदा सहज वजनकाट्यावर ठेवल्या तर शंभर ग्रॅमच्या आसपास भरल्या, म्हणजे एक पोळी जेमतेम तेहेतीस. ही काही चोरी नव्हे, घडीची पातळ पोळी एवढीच भरते. खरी मेख उसळीत आहे. वाटी काठोकाठ दिसते, पण गाळणीवर ओतली की खाली मटकीचे दोन-अडीच चमचे उरतात, बाकी पाणी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे पाणी जरा वाढलं, असं माझं मत. डाळ-कडधान्य महाग पडतं, बटाटा स्वस्त. म्हणून शेवटी शेवटी बटाटाही जास्त दिसू लागतो.

स्वच्छतेबद्दल मी स्वतः जाऊन बघितलं. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला होता. घरगुती डब्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली ती लागते. पण मला बघायचे होते रिकामे डबे. ते धुऊन फडक्यावर पालथे घातलेले होते, एकात एक ओले सरकवलेले नव्हते. तेवढ्यावर मी निम्मा निश्चिंत झालो. घरी आल्यावर झाकणाची रबरी रिंग नखाने उचलून बघितली. तिच्या खाली हळदीची पिवळी रेघ होती, वास नव्हता. आंबूस वास असता तर डबा त्याच दिवशी बंद केला असता, कारण साबण तिथे पोचत नाही आणि ओल तिथेच बसते. एक गोष्ट मात्र खटकली. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायच्या, तेलाला शाई लागलेली. छापील कागदात अन्न गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत बंदी आहे. ते सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, सगळे तेच करतात." पण दुसऱ्या दिवसापासून सुती फडकं आलं. फडक्याचा वेगळा फायदा असा की वाफ त्यात जिरते आणि तळची पोळी ओली होत नाही.

वेळ ठरली होती पाऊणची. बहुतेक दिवस डबा एकच्या आतबाहेर आला, तक्रार नाही. प्रश्न तो कधी येतो यापेक्षा कधी भरला जातो हा आहे. काकूंचं घर चालत दहा मिनिटांवर, पण पोऱ्या आधी पेठांत फिरतो आणि माझं घर त्याच्या वाटेवर शेवटचं. साडेअकराला भरलेला डबा माझ्यापर्यंत सव्वा तास पिशवीत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पेठांतले रस्ते अजून बंद होते, तेव्हा डबा तीनला आला. उसळीचं झाकण उघडताच फस्स झालं आणि रश्शावर बारीक बुडबुडे दिसले. ओल्या नारळाचं वाटण, गरम असतानाच घट्ट लावलेलं झाकण आणि दमट हवा, असं तिन्ही जुळलं की तीन-साडेतीन तासांत उसळ उतरते. ती फेकली, भातही फेकला, पोळी चटणीशी खाल्ली. काकूंना फोन केला तर त्यांनी वाद घातला नाही, तो डबा धरला नाही.

आता खाडा. डबा लावताना हे कोणी विचारत नाही, आणि पैसे इथेच जातात. काकूंचा नियम असा: आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं. सलग तीन किंवा जास्त दिवस असतील तर ते पुढच्या महिन्यात वळते, एकट्या दिवसाचे पैसे परत नाहीत. आठ का, हे मला आधी जाचक वाटलं होतं. पण कडधान्य रात्री भिजत घालायचं असतं, भाजी पहाटे मंडईतून येते आणि पोळ्या लाटणारी बाई नगावर पैसे घेते. सकाळी नऊला "आज नको" म्हटलं तरी काकूंचा खर्च होऊन गेलेला असतो.

माझा हिशोब असा झाला. गौरी-गणपतीला सोलापूरला पाच दिवस गेलो, त्यात एक रविवार, म्हणजे चार डबे वळते, ४०० रुपये. शिवाय ऑफिसचं एक जेवण आणि एक संकष्टी, असे दोन सुटे खाडे बुडाले. तीनला आलेला डबा काकूंनी धरलाच नव्हता, त्याचे १०० वजा. खाल्ले एकोणीस डबे, पडले २१०० रुपये. शंभराचा डबा एकशे दहाच्या जरा वरच पडला. दर महिन्याला दोन-चार सुटे खाडे ज्याचे होतात, त्याने जाहीर दर बघूच नये.

मी काकूंना विचारलं, "संकष्टी तर पंचांगात आधीच असते. महिन्याच्या सुरुवातीलाच तारखा लिहून दिल्या तर?" जरा थांबून म्हणाल्या, "एक तारखेला द्या, मग दोन सुटे खाडे धरीन. आयत्या वेळचे नाहीत." हे वाजवी आहे. उद्या पैसे भरताना चिठ्ठीही देणार आहे: संकष्टी, एकोणीसचं ऑफिसचं जेवण, आणि भात अर्धा करून एक पोळी जास्त. रश्शाचं पाणी या महिन्यात पुन्हा वाढलं तर गाळणी घेऊनच जाईन.