आमची वाटचाल : १ तारखेपासून बदलणाऱ्या वेळा आणि नंबर

२०११ मध्ये इचलकरंजीत एका छोट्या गाळ्यात मी हे टॅक्सचं ऑफिस सुरू केलं, तेव्हा व्हॅट होता. ग्राहक बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतः आणून द्यायचे. टेबलावर गठ्ठा ठेवायचा, चहा घ्यायचा, घरच्यांची चौकशी करायची आणि जायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पिशवीची जागा फोनने घेतली. मी माझा नंबर सगळ्यांना दिला होता. "मॅडम, बिल टाकलंय" एवढा निरोप आला की पुरे, असं मलाही वाटायचं.

तो नंबर बदलण्याची वेळ आली ती २०२३ च्या दिवाळीत. १० नोव्हेंबरला धनत्रयोदशी होती आणि दुसऱ्याच दिवशी, ११ तारखेला, ऑक्टोबरच्या विक्रीचा जीएसटीआर-१ भरायची शेवटची मुदत होती. आमच्या एका जुन्या सूत व्यापाऱ्यांनी रात्री अकराच्या सुमारास एका बिलाचा फोटो पाठवला. माझ्या फोनवर तो शंभरेक शुभेच्छांच्या खाली गेला. बिल होतं २ लाख ४० हजारांचं, वर ५ टक्के कर म्हणजे १२ हजार, आणि माल गेला होता सुरतेला.

एखादं बिल राहिलं तर आम्हाला ते सहसा क्रमांकावरून कळतं. ४१ ते ५७ मध्ये ५३ नसेल तर आम्ही लगेच विचारतो. पण हे महिन्याचं शेवटचं बिल होतं, ५८ नंबरचं. त्यामुळे क्रमात कुठेच भोक दिसलं नाही, आणि आम्ही जीएसटीआर-१ भरून टाकला. १४ तारखेला सुरतच्या खरेदीदाराच्या २बी मध्ये ते बिल आलं नाही. "दिसेपर्यंत १२ हजार देणार नाही," असं त्यांनी १६ तारखेला कळवलं. २० तारखेच्या ३बी मध्ये आम्ही कर भरला, त्यामुळे व्याज लागलं नाही. पण बिल दाखवता आलं ते पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, आणि १४ डिसेंबरपर्यंत आमच्या व्यापाऱ्यांचे १२ हजार अडकून राहिले. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर बिलं ऑफिसच्या नंबरवर मागवायला सुरुवात केली. पण जुनी सवय सुटत नाही, अर्धी बिलं अजून माझ्याकडेच येतात. म्हणून येत्या १ तारखेपासून सगळ्यांसाठी एकच पद्धत राहील.

बिलं फक्त ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची, ५ तारखेपर्यंत. सोबत एक ओळ लिहायची : "या महिन्याचं शेवटचं बिल नंबर अमुक." ही ओळ आमच्यासाठी सगळ्यात मोलाची आहे, कारण शेवटचं बिल राहिलं तर ते पकडायचा दुसरा उपाय आमच्याकडे नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत "१८ बिलं मिळाली, ४१ ते ५८" असं उत्तर येईल. ते आलं नाही तर बिलं आमच्यापर्यंत पोचलीच नाहीत असं समजा आणि फोन करा.

ऑफिस सोमवार ते शनिवार सकाळी १० ते साडेसहा चालू राहील. ७ ते २० तारखेदरम्यान आम्ही रात्री आठपर्यंत बसू, पण रविवारी बंदच. साध्या प्रश्नाला कामाच्या एका दिवसात उत्तर मिळेल. विभागाची नोटीस आली तर ती ईमेलवर पाठवा. तिचं आम्ही त्याच दिवशी वाचन करू, कारण काही नोटिशींना उत्तर द्यायला सातच दिवस असतात.

रात्री दहापर्यंत एक फोन चालू राहील, तो फक्त ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइससाठी. गाडी भरून उभी आहे आणि ई-वे बिलात घेणाऱ्याचा जीएसटी नंबर चुकलाय, तर जरूर फोन करा. ती चूक दुरुस्त होत नाही, २४ तासांच्या आत बिल रद्द करून नवं काढावं लागतं. मात्र नुसता गाडीचा नंबर बदलला असेल तर काही रद्द करायचं नसतं. ट्रान्सपोर्टवाले स्वतः भाग-ब मध्ये तो बदलू शकतात.

एक विनंती ओटीपीची. रिटर्न भरताना तो तुमच्या फोनवर येतो आणि थोडाच वेळ चालतो. आम्ही आधी फोन करून वेळ ठरवू, तेवढी पाच मिनिटं फोन हाताशी ठेवा.

माझ्या नंबरवर आलेली बिलं पहिला महिनाभर मी स्वतः ऑफिसला पुढे पाठवीन. त्यानंतर तिथे आलेलं बिल मिळालं असं धरलं जाणार नाही.