५० हजारांची ठेव, ६५ हजारांचं कर्ज

बँकेकडे ठेवी १० लाख, राखीव निधी १ लाख २० हजार, राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींतला राखून ठेवायचाच हिस्सा, १० टक्के. एका ग्राहकाने ५० हजार रोख भरले. आता बँक जास्तीत जास्त किती नवं कर्ज देऊ शकेल?

इंदूरला एम.कॉम.च्या तयारीत हे गणित आलं आणि आमच्यात दोन उत्तरं निघाली. मैत्रिणीचं ४५ हजार, माझं ६५ हजार.

तिने ५० हजारांतून १० टक्के वजा केले. ते चूक नाही, पण या एका ठेवीने किती जागा झाली एवढंच त्यातून कळतं. मी आधी ठेवीपूर्वीची स्थिती मांडली. १० लाखांवर आवश्यक राखीव १ लाख, हातात १ लाख २० हजार, म्हणजे २० हजार आधीच जादा पडून होते. ठेव आल्यावर एकूण ठेवी १०.५ लाख, आवश्यक राखीव १ लाख ५ हजार, हातात १ लाख ७० हजार. जादा राखीव ६५ हजार.

तरी ती म्हणाली, "१० टक्केच ठेवायचे, तर ६५ हजारांच्या दसपट का नाही देता येणार?" खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांनी ऐकलं. "दे ना! पण कर्ज घेणारा पैसे खात्यात ठेवून बसणार नाही. तो चेक फाडेल, तो दुसऱ्या बँकेत जमा होईल. मग तुझ्याकडे काय उरतं ते बघ."

पाहिलं. ६५ हजार क्लिअरिंगमधून गेले की राखीव १ लाख ५ हजार उरतात, बरोबर लागतात तेवढेच. १ लाख दिले असते तर ७० हजार उरले असते आणि ३५ हजारांची तूट आली असती. दसपट होते ती साऱ्या बँका मिळून. पैसा एकीतून दुसरीत फिरत जातो तेव्हा.

प्रत्यक्षात आपल्याकडे हे गणित इतकं सरळ नाही, हेही काकांनीच सांगितलं. सीआरआर, म्हणजे ठेवींतला सक्तीचा रोख राखीव हिस्सा, रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा, शाखेच्या तिजोरीतली रोकड त्यात धरत नाहीत. शिवाय एसएलआर या दुसऱ्या सक्तीच्या प्रमाणासाठी सरकारी रोख्यांसारख्या गोष्टींत वेगळी रक्कम अडकते. पुस्तकातलं गणित मात्र रोकडही राखीवच समजतं, त्यामुळे परीक्षेत पुस्तकाप्रमाणेच जायचं.

आता असा प्रश्न आला की ते ५० हजार आले कुठून, हे मी आधी बघते. दुसऱ्या बँकेचा चेक असेल तर वटल्यावर राखीव तेवढाच वाढतो, उत्तर ६५ हजारच. पण याच बँकेतल्या एका खात्यातून दुसऱ्यात गेले असतील, तर ठेवीही तेवढ्याच, राखीवही तेवढाच, आणि कर्ज फक्त २० हजारांचं.