इथून की राजवाड्यापासून?

इंदुरात पत्ता सांगायच्या दोन रीती आहेत. एक राजवाड्यापासून: "राजवाड्याहून नीघ, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या मागे टाक, मग विचार." दुसरी समोरच्याला आधी विचारते, "आत्ता कुठे उभा आहेस?" आणि मग म्हणते, "पोहेवाल्याच्या अलीकडे वळ, दोन घरं सोड." पहिला पत्ता शहरात कुठेही उभ्या असलेल्या माणसाला चालतो. दुसरा फक्त त्या पोहेवाल्यापाशी उभ्या असलेल्याला.

आमच्या कॉलनीच्या गणपतीची साइट मी हाताने, नोटपॅडात लिहिली. चाळीसेक पानं, दर वर्षाचं वेगळं फोल्डर. सगळ्या पानांना एकच रंगरूप देणारी `style.css` सर्वांत वर, आणि २०१९चं पान `utsav/2019/index.html` इथे. त्या पानातून वरच्या फाइलचा पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो:

```
/style.css
../../style.css
```

पहिल्यातला सुरुवातीचा स्लॅश म्हणजे राजवाडा, साइटचं मूळ. दुसऱ्यातलं दर `..` म्हणजे 'एक फोल्डर वर ये'. पहिली तऱ्हा ॲब्सोल्यूट, दुसरी रिलेटिव्ह. (`https://` पासूनचा अख्खा पत्ताही असतो, पण त्यात घरच्या कॉम्प्युटरवर लिंक तपासायला गेलं की आपण थेट नेटवरच्या जुन्या पानावर जाऊन पोचतो. आपल्याच घरात एका खोलीतून दुसरीत जायला पिनकोड लागू नये.)

मी आधी सगळीकडे स्लॅश घातला. वरची मेनूची पट्टी चाळीस पानांत जशीच्या तशी चिकटवता येते, हा त्यातला मोठा आराम. मग काकांनी साइट पेन ड्राइव्हवर मागितली. त्यांच्या लॅपटॉपवर नेट नाही. मी `ganpati` नावाचं फोल्डर टाकून दिलं आणि संध्याकाळी फोन आला, "काय रे, हे पान असं उघडंबोडकं का दिसतंय?"

नेटवर नसताना, फाइलवर डबल-क्लिक केलं की सुरुवातीच्या स्लॅशचा अर्थच बदलतो. मग मूळ म्हणजे साइटचं मूळ नव्हे, ड्राइव्हचं मूळ. ब्राउझर `E:/style.css` शोधत होता आणि फाइल होती `E:/ganpati/` च्या आत. गाव बदललं, तरी पत्ता राजवाड्यापासूनच सांगितलेला. उद्या साइट दुसऱ्या कुणाच्या डोमेनवर एखाद्या फोल्डरात ठेवली असती, तरी हेच झालं असतं.

म्हणून एक अख्खा रविवार बसून सगळं रिलेटिव्ह केलं. शिवाय `2019/` एवढंच लिहिलं होतं तिथे `2019/index.html` लिहिलं. फोल्डर मागितलं की त्यातलं `index.html` काढून देण्याचं काम सर्व्हरचं. पेन ड्राइव्हवर सर्व्हर नाही, त्यामुळे नुसती फाइलींची यादी समोर येते. आता अख्खं फोल्डर उचलून कुठेही ठेवा, चालतं. पानांची आपापसातली अंतरं बदलत नाहीत ना.

बदललं ते पुढच्या वर्षी, माझ्याच हौसेने. `utsav` हा मधला मजला उगाच वाटला, म्हणून २०१९चं फोल्डर एक पायरी वर आणलं. पानातला पत्ता बदलायचा राहिला, `../../style.css` तसाच. खरं तर आता एकच `..` हवं होतं. साइट उघडून पाहिली, सगळं ठीक. काकांकडे मात्र पुन्हा उघडंबोडकं.

यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं. वेबच्या पत्त्यात मुळाच्या वर काही नसतं. मुळाशी पोचल्यावर आणखी `..` आलं तर ब्राउझर ते मुकाट्याने सोडून देतो, आणि माझी साइट डोमेनच्या मुळाशीच होती. त्यामुळे चूक झाकली गेली. पेन ड्राइव्हवर `ganpati` च्या वर आणखी एक पायरी खरोखरच होती. ब्राउझर ती चढला आणि तिथे काहीच नव्हतं. तेव्हापासून नेटवर चढवण्याआधी मी साइट दोन फोल्डरांच्या पोटात ठेवून, नुसतं डबल-क्लिक करून पाहतो.

घर हलवणार असाल तर रिलेटिव्ह, घरातलं कपाट हलवणार असाल तर ॲब्सोल्यूट, असा माझा हिशोब. काकांमुळे मी पहिलं धरलं, आणि कपाटं हलवायची हौस आवरली.

एक पान मात्र अजून स्लॅशवरच आहे: 'पान सापडलं नाही' सांगणारं, ४०४चं. कुणी `/utsav/2017/aarti/x` असलं भलतंच काही टाइप केलं, तर सर्व्हर तेच पान दाखवतो, पण ब्राउझरच्या लेखी वाचक त्या खोल गल्लीतच उभा असतो. त्याला 'दोन घरं वर ये' कसं सांगणार, तो नेमका किती आत शिरलाय हेच मला ठाऊक नाही. (पेन ड्राइव्हवर हे पान आपणहून येतच नाही, तेव्हा काकांची तक्रारही नाही.) तिथे एकच लिंक आहे, `/`. चुकलेल्या पाहुण्याला फोनवर आपण तेच सांगतो: "राहू दे, तू आधी राजवाड्यावर ये."