तुम्ही विचारलंत म्हणून: १२ जीबीचा फोन आणि न पोचलेला इशारा

"मॅडम, फोन १२ जीबी रॅमचा आहे, नवा कोरा आहे, रेंज फुल्ल आहे. व्हॉट्सॲपचं सगळं येतंय. मग नदीची पातळी वाढल्याचा इशारा देणाऱ्या तुमच्याच ॲपचं नोटिफिकेशन का येत नाही?"

रॅम कितीही असो, त्याने फरक पडत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवते. मेमरी कमी पडली म्हणून ॲंड्रॉइड एखादं ॲप मारतो, तेव्हा ते ॲप नुसतं झोपलेलं असतं. निरोप आला की फोन त्याला परत उठवतो. पण फोन कंपनीच्या सिस्टीमने ॲप 'बंद' केलं, की कितीही निरोप आले तरी ते उठत नाही. तुमच्या महागड्या फोनवर घडतं ते हे दुसरं. पहिलं घडत असतं तर मला इतका राग आला नसता.

आमचा सर्व्हर तुमच्या फोनशी थेट बोलत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तुम्ही ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली, की आम्ही निरोप फोनपर्यंत पोचवणाऱ्या गूगलच्या एफसीएम सेवेकडे देतो. तुमच्या फोनमधल्या गूगल प्ले सर्व्हिसेसची त्या सेवेशी कायम जोडलेली एकच लाइन असते. ती सेवा वापरणाऱ्या सगळ्या ॲप्सचे निरोप त्याच लाइनने येतात आणि मग फोनच्या आत ज्या त्या ॲपला हाक मारली जाते. आम्ही निरोप तातडीचा म्हणून पाठवतो, त्यामुळे फोन रात्रभर स्क्रीन बंद करून गाढ झोपेत असला तरी तो लगेच येतो. इथपर्यंत बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. बिघडतं ते शेवटच्या हाकेला.

चिखलीच्या बाजूला आमचे एक आबा आहेत. नदीकाठी त्यांची ऊसाला पाणी देणारी मोटर. ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ ची धोका पातळी ही गावं आणि रस्त्यांसाठी; काठावरची मोटर त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जाते. म्हणून आबांनी आपला आकडा २५ फूट ठेवला होता. धरणक्षेत्रात धो धो पाऊस होता, पातळी रात्री २५ च्या वर गेली, आमच्या सर्व्हरने निरोप पाठवला. सकाळी आबा काठावर गेले तेव्हा मोटर आणि स्टार्टरची पेटी दोन्ही पाण्याखाली. मोटर वर काढून वाइंडिंग भरून घेण्याचा खर्च, आणि तोवर उसाचं काय, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

मी गेले तेव्हा आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, म्हातारीच्या फोनवर आलं की गं. माझ्या नव्यावर का न्हाई आलं?"

काकूंचा फोन जुना, ३ जीबीचा, काचेला तडा गेलेला. त्यावर मध्यरात्रीनंतरचा इशारा दिसत होता, पण तो फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. आबांचा नवा फोन उशाशी होता आणि तो गप्प राहिला.

आमच्या सर्व्हरच्या नोंदीत दोन्ही निरोप 'यशस्वी' होते. त्या 'यशस्वी'चा अर्थ गूगलने निरोप स्वीकारला इतकाच. आबांनी तो पाहिला असा नव्हे. मग मी आबांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि विचारलं (ॲपचं खरं नाव इथे बदललंय):

```
adb shell dumpsys package com.example.nadi | grep stopped
```

उत्तरात `stopped=true`. काकूंच्या फोनवर `stopped=false`. मग दोन्हींवर चाचणीचा निरोप पाठवला. काकूंच्या फोनवर ॲप चालूही नव्हतं, मेमरीअभावी कधीच मारलं गेलं होतं. तरी ते उठलं आणि वाजलं. आबांच्या फोनच्या लॉगमध्ये ही ओळ आली:

```
W/GCM: broadcast intent callback: result=CANCELLED
```

म्हणजे निरोप आबांच्या उशाशी असलेल्या फोनपर्यंत पोचला होता आणि फोनने तो ॲपला दिला नाही. 'थांबवलेल्या' ॲपला अशा हाका द्यायच्या नाहीत, हा नियम ॲंड्रॉइडमध्ये २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून आहे. नियम चांगलाच आहे: माणसाने सेटिंग्जमध्ये जाऊन फोर्स स्टॉप केलं, तर ॲपने चोरून उठू नये. पण आबा सेटिंग्जमध्ये कधी गेलेच नव्हते. झोपताना ते चौकोनाचं बटण दाबून 'सगळं साफ' करायचे, फोन हलका होतो म्हणून. मूळ ॲंड्रॉइडमध्ये तिथून ॲप बाजूला सारलं तरी त्याला फोर्स स्टॉप मानत नाहीत. आबांच्या फोनच्या कंपनीने तो अर्थ परस्पर बदलला होता. ते मी तिथेच तपासून पाहिलं. ॲप उघडलं की `false`, 'साफ' केलं की `true`.

व्हॉट्सॲपचं येतं, कारण असल्या बड्या ॲप्सना फोन कंपन्या आधीच सूट देऊन ठेवतात. त्यांचं बंद पडलं तर लोक फोन परत करतील. आमचं बंद पडलं तर लोक आम्हाला फोन करतात.

आता कंपन्यांची बाजू. मी पूर्वी म्हणायचे, हे सगळं फक्त बॅटरी जास्त टिकते असं जाहिरातीत दाखवायला चाललंय. आज तितकं ठामपणे म्हणवत नाही. एकमेकांना उठवत राहणारी, दर काही मिनिटांनी लोकेशन मागणारी ॲप्स मी स्वतः पाहिली आहेत. आणि महापुरात लाइट जाते, तेव्हा दोन दिवस टिकलेली बॅटरी हाच आबांचा आधार असतो. पण निरोप आल्यावर काही सेकंद उठून परत झोपणाऱ्या ॲपने किती बॅटरी जाते? आणि अडवायचंच असेल तर 'या ॲपचा निरोप आम्ही अडवला' असं मालकाला सांगायला काय हरकत आहे? गूगल आम्हा ॲपवाल्यांना अशा बुडालेल्या निरोपांची टक्केवारी देतं, `droppedAppForceStopped` या नावाने. त्यात कुणाचा निरोप बुडाला ते कळत नाही, आणि ज्याचा बुडाला त्याला तर काहीच कळत नाही.

तुमच्या हातात आहे ते असं. ॲपच्या माहितीत जाऊन ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीला 'निर्बंध नाही' निवडा, आणि अलीकडच्या ॲप्समध्ये आमच्या ॲपवर कुलूप लावा, म्हणजे 'सगळं साफ'मधून ते वाचेल. ही नावं प्रत्येक कंपनीत वेगळी, जागाही वेगळी. सिस्टीम अपडेटनंतर पुन्हा बघा. काही फोनवर हे सगळं पूर्ववत झालेलं मी पाहिलंय.

आमच्याकडून एक बदल केला. निरोप मिळाला की ॲप सर्व्हरला पोच देतं. दहा मिनिटांत पोच आली नाही तर त्या नंबरला आपोआप कॉल जातो. कॉलला ॲप जिवंत असावं लागत नाही. एसएमएस हा दुसरा मार्ग, पण त्याचा मजकूर आधी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर मंजूर करून घ्यावा लागतो, आणि रात्री एसएमएसच्या एका टिंगने कोण उठणार?

कॉलला पैसे लागतात. ॲप फुकट राहील असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं होतं, आणि पाणीपुरवठा संस्थेच्या बैठकीत हे कुणी भरायचं यावर अजून एकमत नाही. फोन कंपनीने अडवलेल्या निरोपाचे पैसे ऊसवाल्याने का द्यावेत, हा तिथल्या एकाचा प्रश्न होता, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.