टिक कोणत्या फोल्डरला?

अहिराणी गाण्यांचा आमचा संग्रह आता 140 जीबीच्या घरात गेला आहे, आणि ज्या लॅपटॉपवर त्या गाण्यांचे लेखन चालते त्याची डिस्क मात्र 64 जीबीचीच आहे. विंडोज ही डिस्क 58 जीबी दाखवते. त्यातली 34 जीबी विंडोज आणि इतर प्रोग्रॅमांनी व्यापलेली आहे आणि अपडेटसाठी दहा तरी मोकळी ठेवावी लागते, म्हणजे संग्रहाच्या वाट्याला जेमतेम चौदा जीबी उरते. खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी आम्ही डब्ल्यूएव्ही स्वरूपात ध्वनिमुद्रित करतो आणि असे एका तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे 600 एमबी होते. संग्रह ड्रॉपबॉक्सवर आहे, आणि ड्रॉपबॉक्स खात्यातले सगळे जोडलेल्या प्रत्येक मशिनवर उतरवून सिंक करतो, म्हणजे सगळीकडे सारखे ठेवतो. पण एवढा संग्रह या मशिनवर उतरणे शक्यच नाही. म्हणून ड्रॉपबॉक्सच्या सेटिंगमधले Selective Sync उघडायचे आणि जे फोल्डर नको त्यांच्यापुढची टिक काढायची. फाईली डिस्कवरून जातात, पण वेबवरच्या खात्यात आणि धुळ्याला पुतण्याच्या मोठ्या संगणकावर जशाच्या तशा राहतात, कारण ही निवड त्या-त्या मशिनपुरती असते.

टिक एकेका फाईलला नसते, फोल्डरला असते. त्यामुळे काय उतरेल याचा खरा निर्णय फोल्डर करतानाच होऊन जातो. आमचे फोल्डर सुरुवातीला ध्वनिमुद्रणे, स्कॅन आणि लेखन असे प्रकारवार होते. दिसायला हे नीटनेटके, पण काम कधी प्रकारवार चालत नाही. ते चालते तालुकावार. चोपड्याची गाणी लिहून घेताना शेजारी चोपड्याचेच स्कॅन लागतात, रावेरच्या ध्वनिमुद्रणांचा तेव्हा काही उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक तालुक्याचे सगळे साहित्य एकाच फोल्डरात घेतले. चोपड्याची पंधरा तासांची ध्वनिमुद्रणे नऊ जीबी होतात, त्यांचे स्कॅन आणि लेखन मिळून आणखी दोन. अकरा जीबीत काम भागते.

टिकांच्या या यादीचा स्वभाव मात्र ओळखून असावा. वरवर पाहता आपण काय हवे ते निवडतो असे वाटते, पण प्रोग्रॅम लक्षात ठेवतो ते काय नको तेवढेच. लिनक्सवर हीच सोय आज्ञेने वापरताना ते स्पष्ट दिसते:

```
dropbox exclude add ~/Dropbox/शिंदखेडा
```

वगळलेल्यांच्या यादीत ज्याचे नाव नाही ते सगळे उतरते, आणि नव्या फोल्डरचे नाव त्या यादीत असणार कसे? पुतण्याने एका रात्री शिरपूरचा नवा फोल्डर धुळ्याहून चढवला आणि सकाळी लॅपटॉप सुरू करताच तो निमूटपणे उतरू लागला. दुपारपर्यंत This PC मधली डिस्कची निळी पट्टी लाल झाली होती. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती तशी होते. फोनवर त्याचे म्हणणे एवढेच, "काका, मी ते दोनच गावना गाना टाकात." दोन गावांची ती गाणी तेरा जीबी होती. त्यावर उपाय म्हणून आम्ही आवक नावाचा एक फोल्डर केला आणि लॅपटॉपवर त्याची टिक काढून ठेवली. नवे जे येईल ते आधी आवकमध्ये पडते, आणि वगळलेल्या फोल्डरच्या पोटातले काहीही खाली उतरत नाही.

टिक काढणे आणि फाईल डिलीट करणे यांतला फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण तो जपला नाही तर संग्रहच जातो. ओळखीच्या एका शिक्षकांनी जागा हवी म्हणून आपला फोटोंचा फोल्डर फाईल एक्स्प्लोररमधूनच डिलीट केला. सिंकने ती इच्छा खरी मानली आणि तो फोल्डर वेबवरून व घरच्या दुसऱ्या संगणकावरूनही काढून टाकला. वेबवरच्या Deleted files मधून तो परत आणता आला, कारण साध्या खात्यात तिथे फाईली 30 दिवस राहतात.

वगळलेला फोल्डर आता डिस्कवर नाही म्हणून त्याच नावाचा नवा करू नये. वेबवर ते नाव आधीच घेतलेले असते, म्हणून आपल्या फोल्डरच्या नावापुढे (Selective Sync Conflict) असे शेपूट लागते. ते दिसले की आपले नवे काम त्यात आहे आणि जुने वर वेबवर आहे असे समजावे, आणि दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

फाईलचे नुसते नाव डिस्कवर ठेवून ती उघडताना उतरवण्याची सोयही आता आहे, आणि शहरात बसून काम करणाऱ्याला ती पुरेशी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात मात्र रेंज नसली की नाव दिसते आणि गाणे वाजत नाही. त्यामुळे श्रावणात कानबाईसाठी यावल तालुक्यात जायचे ठरले, की आम्ही चोपड्याचे सिंक पूर्ण झाल्याची खूण पाहून त्याची टिक काढतो, यावलची लावतो, आणि जळगाव सोडण्यापूर्वी त्यातली दोन-तीन गाणी वायफाय बंद करून वाजवून पाहतो.